हळदीच्या रात्रीनंतर: सिगारेट सोडणाऱ्या मित्राशी काय बोलावे

प्रश्न: माझ्या मित्राचे वय ४१. कॉलेजपासून सिगारेट ओढतो, रोज दहा-बारा, पहिली सकाळच्या चहाबरोबर. मध्यंतरी त्याने स्वतःहून सोडली आणि तीन आठवडे ओढली नाही. मी ओढत नाही. मी रोज विचारायचो, "आज कितवा दिवस?" आणि तो खुशीत सांगायचा. गेल्या शनिवारी मेहुण्याच्या हळदीत त्याने ओढली आणि तेव्हापासून तो मला टाळतो आहे. काल लिफ्टमध्ये भेटला, तोंडात वेलदोडा होता आणि शर्टाला वास. मला उपदेश करायचा नाही, पण गप्प बसणेही बरे वाटत नाही. निकोटीनचे गमही आणले होते, पण "मला ते झेपत नाहीत" म्हणाला. काय बोलू आणि काय करू?

उत्तर:

त्या वेलदोड्यापासूनच सुरुवात करतो, कारण माझ्या मते तुमच्या पत्रातली ती सर्वांत आशादायक गोष्ट आहे. ज्याने सोडण्याचा विचारच सोडून दिला आहे, तो माणूस लिफ्टमध्ये वेलदोडा चघळत नाही. तो खाली उतरून तुमच्यासमोर सिगारेट पेटवतो आणि "जाऊ दे यार, आपल्याच्याने नाही होत" म्हणून मोकळा होतो. तुमच्या मित्राला अजून सोडायची आहे आणि तुमच्या नजरेत तो 'सोडलेला माणूस' राहावा असेही त्याला वाटते. अडचण एवढीच आहे की त्या दोन्ही गोष्टी सांभाळण्यासाठी सध्या त्याला तुमच्यापासून लपावे लागत आहे, आणि लपून ओढणारा माणूस एकटा पडतो.

"आज कितवा दिवस?" हा प्रश्न तुम्ही प्रेमाने विचारत होता, यात मला शंका नाही. पण हा प्रश्न आकडा वाढत असेपर्यंतच गोड लागतो. ज्या दिवशी सिगारेट ओढली जाते, त्या दिवशी त्याच्यापुढे दोनच उत्तरे उरतात: खोटे बोलणे किंवा 'शून्य' म्हणणे. तीन आठवड्यांत त्याने टाळलेल्या दोनशेहून अधिक सिगारेटी त्या एका 'शून्या'त बुडून जातात, आणि हे त्याला तुमच्यापेक्षा जास्त बोचते. म्हणून तो जिना किंवा दुसरी लिफ्ट शोधतो.

ही चूक मी स्वतः व्यवसायात केलेली आहे. तंबाखू सोडवण्याच्या कामाला लागलो तेव्हा पहिली काही वर्षे मी प्रत्येक रुग्णाला एक तक्ता देत असे. सिगारेट न ओढलेल्या दिवशी हिरवी खूण आणि ओढलेल्या दिवशी लाल. तक्ता मोठा नीटनेटका दिसायचा. हळूहळू माझ्या लक्षात आले की पहिली लाल खूण पडली की पुढच्या भेटीला माणूस येतच नाही, आणि जे येत ते बहुधा सगळा तक्ता हिरवा करून आणत. त्यांचे कपडे मात्र वेगळेच सांगत असत. ज्या क्षणी मदतीची सर्वांत जास्त गरज होती, नेमक्या त्याच क्षणी माझा तक्ता त्यांना दारातून परत पाठवत होता. तो मी बंद केला.

सोडलेली सवय पुन्हा लागण्याच्या या टप्प्यावर अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लॅट यांनी बरेच काम केले. त्यांनी दाखवले की संयमाच्या काळात झालेली एखादी चूक स्वतः फारशी नुकसानकारक नसते. तिच्यापाठोपाठ मनात येणारे "गेलं सगळं, आता काय उरलं" हे वाक्य माणसाला जुन्या सवयीत परत नेते. हळदीच्या रात्रीची सिगारेट पाच मिनिटांत संपली. त्यानंतरच्या दिवसांतल्या सिगारेटी बहुतांशी त्या वाक्यामुळे ओढल्या गेल्या आहेत, आणि मित्र म्हणून तुमचा हात पोहोचतो तो इथेच.

आता शरीराची स्थिती थोडक्यात सांगतो, म्हणजे तुम्ही उगाच घाबरणार नाही. निकोटीन बंद केल्यावरचा त्रास, म्हणजे चिडचिड, अस्वस्थता, झोपमोड, कशातच लक्ष न लागणे, हा पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वांत जास्त असतो आणि साधारण दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. तुमच्या मित्राने त्यातला सर्वांत कठीण भाग पार केला होता. म्हणजे शनिवारी त्याला सिगारेटकडे नेले ते मुख्यतः शरीराच्या मागणीने नव्हे, तर तिथल्या प्रसंगाने. मात्र त्यानंतर तो रोज ओढत असेल, तर शरीर पुन्हा निकोटीनच्या वेळा लावून घेऊ लागते. म्हणूनच ही गोष्ट महिनाभर तशीच राहू देऊ नये. या आठवड्यातच त्याच्याशी बोला, पण लिफ्टमध्ये नको, फोनवर नको, त्याच्या बायकोमुलांसमोर तर मुळीच नको. समोरासमोर बसण्यापेक्षा शेजारी शेजारी असताना असे बोलणे सोपे जाते: चालताना, गाडी चालवताना किंवा भाजी आणायला जाताना. नजरेला नजर द्यावी लागत नाही आणि मध्ये शांतता पसरली तरी ती अवघड वाटत नाही.

सुरुवात तुमच्या बाजूने करा, त्याच्या बाजूने नको. तुमच्या जागी मी असतो तर असे काहीसे म्हणालो असतो: "अरे, मी रोज तुला तो दिवसांचा हिशेब विचारायचो ना, ते जरा अतीच झालं माझं. आता नाही विचारणार. तुला ओढावीशी वाटली तर फोन कर, आणि ओढलीस तरी कर." एवढे बोलून थांबा. यात तुम्ही त्याला पकडलेले नाही, वासाचा उल्लेख केलेला नाही, त्याच्याकडून कबुली मागितलेली नाही. "ओढलीस तरी कर" हे शब्द मात्र वगळू नका. सगळ्या बोलण्यात त्याला खरोखर नवे असे तेवढेच आहे. फक्त यशाची बातमी घेऊन यायचे असते, असा त्याचा समज त्या शब्दांनी मोडतो.

तो कदाचित हसण्यावारी नेईल, कदाचित "तू कोण मला सांगणार" म्हणून उसळेल. दोन्ही वेळा विषय तिथेच सोडून द्या. निरोप पोहोचलेला असतो, आणि माझा अनुभव असा की अशा बोलण्याचे उत्तर बरेचदा दोन-तीन दिवसांनी भलत्याच वेळी येते. पण तो त्याच वेळी सांगू लागला, तर "का ओढलीस?" असे विचारू नका. 'का' म्हटले की माणूस कारणे देऊ लागतो, आणि कारणे देता देता स्वतःला दोष तरी देतो किंवा बचाव तरी करतो. त्याऐवजी "कुठे उभे होतात तुम्ही? कोणी दिली? हातात काय होतं?" असे विचारा. हे प्रश्न वर्णन मागतात. वर्णन करताना लाज वाटत नाही, आणि सवयीची गाठ नेमकी कुठे आहे ते त्यातच सापडते.

माझ्याकडे एका कारखान्यातले दोन सहकारी मिळून येत असत. त्यांच्यातला एक सिगारेट सोडत होता आणि दुसरा नुसता सोबतीला येत असे. पहिल्याने पंधरा-सोळा दिवस ओढली नव्हती, आणि मग रात्रपाळीत पहाटे दोनच्या चहाला त्याने पुन्हा सुरुवात केली. मी त्याला काही विचारणार तेवढ्यात सोबत्यानेच सहज विचारले, "तू त्या भंगाराच्या ढिगामागे गेला होतास की गेटवर?" ढिगामागे, असे उत्तर आले. "तिथे कोण कोण होतं?" मग त्याने नावे सांगितली, आणि सांगता सांगता तो म्हणाला की ओव्हरटाइम कोणाला मिळणार, कोणाची बदली होणार, हे सगळे त्या ढिगामागेच कळते. सिगारेट न ओढणारा माणूस तिथे जात नाही, म्हणून पंधरा दिवसांत त्याला कारखान्यातले काहीच कळले नव्हते. त्याला आठवण येत होती ती धुराची कमी आणि त्या गप्पांची जास्त. हे मी दहा बैठकांमध्ये शोधून काढले असते की नाही, कोण जाणे.

त्यावर त्यांनी जो उपाय केला, तोही माझा नव्हता. सोबत्याने घरून स्टीलचा थर्मास आणायला सुरुवात केली आणि दोन वाजता दोघे पिण्याच्या पाण्याच्या कूलरपाशी चहा घेऊ लागले. आठवड्याभरात आणखी दोघे-तिघे तिथे येऊ लागले, कारण थर्मासचा चहा कॅन्टीनच्या चहापेक्षा बरा होता. गप्पा कूलरपाशी आल्या. पुढच्या महिन्यांत त्याने मधूनमधून सिगारेट ओढली का? ओढली. सोबत्याने ती कधी मोजली नाही, प्रत्येक वेळी "कुठे होतास?" एवढेच विचारले आणि दर वेळी एखादी बारीकशी गोष्ट बदलली. एकदा घरी परतण्याचा रस्ता बदलला, एकदा पगाराच्या दिवशी दोघांनी मिळून बाहेर जेवायचे ठरवले. पुढे त्याची सिगारेट सुटली ती कोणत्या तारखेला, हे त्या दोघांपैकी कोणालाही सांगता आले नाही, आणि मला ते फार आवडले.

आता हळदीकडे येऊ. तिथे काय झाले असावे याचा अंदाज मी बांधू शकतो, पण तो तुम्ही त्याच्याकडूनच काढून घ्या. बहुधा थोडी दारू होती, हॉलच्या मागच्या बाजूला चार-पाच जणांचा घोळका होता आणि कोणीतरी पाकीट पुढे केले. दारू आणि सिगारेट यांची सोबत जुनी आहे, आणि दोन पेगनंतर सकाळचा निश्चय आठवत असला तरी त्याची पकड सैल होते. म्हणून पहिले काही आठवडे दारूचे प्रसंग टाळणे, निदान कमी करणे, हे गमच्या बरोबरीने उपयोगी पडते. हे त्याला नियम म्हणून सांगू नका. तुम्ही त्याला भेटायचे ठिकाण निवडणार असाल, तेव्हा बारऐवजी मिसळीचे हॉटेल निवडा, एवढे पुरे.

लग्नकार्यातला दुसरा प्रश्न नकार कसा द्यायचा हा असतो. "मी सोडली आहे" असे म्हटले की आपल्याकडे लगेच चार जण "एकाने काय होतंय" म्हणत मागे लागतात, कोणी पैजही लावते. काही जणांना ते वाक्य ठणकावून सांगायला आवडते. काहींना "घसा धरलाय" एवढे सांगून निसटणे सोपे वाटते, आणि त्यात लबाडी मानण्याचे कारण नाही. तुमचा मित्र कोणत्या प्रकारचा आहे ते त्याला ठरवू द्या. पुढच्या कार्याला तुम्ही बरोबर असाल, तर घोळका मागच्या दाराकडे सरकू लागताच "चल, पंगत बसतेय" म्हणून त्याला ओढून नेण्याचे काम तुमचे. त्याच्या वतीने सर्वांना "त्याला देऊ नका हं, त्याने सोडलीय" असे जाहीर मात्र करू नका. त्याने त्याची गंमत होते, आणि पुढच्या वेळी तो तुम्हाला न सांगता मागच्या दाराने जातो.

गमविषयी तुम्ही एका ओळीत लिहिले आहे, पण मला वाटते खरी गफलत तिथे झाली आहे. "झेपत नाहीत" म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तो गम साध्या च्युइंगमसारखा भराभर चघळलेला असतो. तसे केले की निकोटीन एकदम सुटते, ते लाळेबरोबर गिळले जाते, आणि घशात जळजळ, उचकी, मळमळ असे सगळे सुरू होते. शिवाय पोटात गेलेल्या निकोटीनचा फारसा उपयोग होत नाही, म्हणून त्रास होतो आणि तलफही जात नाही. निकोटीनचा गम हा खरे तर चघळायचा कमी आणि गालात ठेवायचा जास्त. सावकाश काही वेळा चावावा. तोंडात मिरमिरल्यासारखे किंवा मिरी चावल्यासारखे लागले की थांबून तो गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवून द्यावा. मिनिटभराने मिरमिर कमी झाली की पुन्हा थोडा चावावा आणि दुसऱ्या बाजूला ठेवावा. असा एक गम साधारण अर्धा तास चालतो. तंबाखूचा बार गालात धरणाऱ्या माणसाला हे लगेच समजते, सिगारेटवाल्याला शिकवावे लागते.

दुसरी गफलत चहाची. निकोटीन तोंडाच्या अस्तरातून रक्तात शिरते आणि तोंडात आंबटपणा असेल तर ते नीट शोषले जात नाही. चहा, कॉफी, सरबत, कोला हे सगळे त्या दृष्टीने आंबट. म्हणून गमच्या आधी पंधरा मिनिटे आणि गम तोंडात असेपर्यंत पाण्याखेरीज काही घेऊ नये. आपल्याकडचा माणूस मात्र तलफ येते ती चहाच्या वेळी, म्हणून चहाबरोबरच गम तोंडात टाकतो आणि मग म्हणतो की याने काही होत नाही. सिगारेटमधले निकोटीन दहा-वीस सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते, गमला मात्र वीस-तीस मिनिटे लागतात. त्यामुळे त्याचा चारचा चहा असेल, तर गम सव्वातीनला घ्यायला हवा. तुमच्यासारख्या मित्राला यात खरेखुरे काम आहे: सव्वातीनला नुसता "सव्वातीन" एवढा मेसेज करा. हा मेसेज त्याच्याकडून कसलाही हिशेब मागत नाही.

तिसरी गोष्ट मात्रेची. गम २ मिलिग्रॅम आणि ४ मिलिग्रॅम अशा दोन मात्रांत मिळतो. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागणाऱ्याला बहुधा ४ची मात्रा लागते, आणि तुमच्या मित्राची पहिली सिगारेट सकाळच्या चहाबरोबरची आहे. आपल्याकडे दुकानातून सहज मिळतो तो २चा, ४च्या गमसाठी डॉक्टरांची चिठ्ठी लागते. शिवाय दिवसाला दोन-तीन गम खाऊन भागत नाही. सुरुवातीच्या आठवड्यांत दर एक-दोन तासांनी एक, म्हणजे दिवसाला आठ-दहा गम लागणे हे नेहमीचे आहे, आणि ते पुढे तीन महिन्यांत हळूहळू कमी करायचे असतात. लोक 'त्याचीच सवय लागेल' या भीतीने कमी घेतात आणि मग सिगारेटकडे वळतात. गमबरोबर निकोटीनचा पॅच लावला तर दोन्ही मिळून एकट्या गमपेक्षा जास्त उपयोग होतो. त्याखेरीज चिठ्ठीवर मिळणारी औषधेही आहेत. हळदीत सिगारेट ओढली म्हणून गम बंद करायचा नसतो, हेही त्याला कोणीतरी सांगायला हवे. पुष्कळ जण एक सिगारेट ओढली की गम कपाटात टाकून देतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत त्याची गरज सर्वांत जास्त असते.

चहाचा आणखी एक उपद्रव आहे, जो फारच थोड्यांना ठाऊक असतो. सिगारेटच्या धुरातल्या काही घटकांमुळे यकृत कॅफिनचा निचरा वेगाने करत असते. सिगारेट बंद झाली की तो वेग मंदावतो आणि पूर्वीइतकाच चहा-कॉफी घेतली तरी रक्तातले कॅफिन वाढते. मग छाती धडधडते, हात थरथरतात, झोप येत नाही, आणि माणसाला वाटते की हे सगळे सिगारेट सोडल्यामुळे होत आहे, एक ओढली की बरे वाटेल. त्याचे पाच कप असतील तर अडीच-तीनवर येणे हा साधा उपाय आहे. तुम्ही दोघे बरोबर चहा घेत असाल तर "कटिंग सांगू?" एवढे विचारले की काम भागते.

सकाळचेही असेच. चहा आणि सिगारेट झाल्याशिवाय पोट साफ होत नाही, ही तक्रार आपल्याकडे जवळपास प्रत्येक जण करतो आणि ती खोटी नाही. निकोटीनमुळे आतड्यांची हालचाल वाढते, ते थांबले की काही आठवडे बद्धकोष्ठ होऊ शकतो. मी असे पुष्कळ लोक पाहिले आहेत की जे दिवसभर नेटाने राहिले आणि सकाळच्या त्या एका सिगारेटीसाठी पुन्हा पाकीट घेऊ लागले, पण लाजेने हे कोणाला सांगितले नाही. रात्री इसबगोल, सकाळी उठल्यावर कोमट पाणी, जेवणात पालेभाजी आणि थोडे चालणे याने बहुतेकांचे भागते. हा विषय मित्रच काढू शकतो, डॉक्टरांसमोर लोक संकोचतात. तुमच्यात जेवढी थट्टामस्करी चालते तेवढी वापरून विचारा.

तलफेच्या फोनविषयी एक सांगतो. एकेका तलफेचा जोर बहुधा तीन ते पाच मिनिटे असतो. त्या वेळात माणसाला समजूत नको असते, वेळ जायला हवा असतो. त्याचा फोन आला तर सिगारेटविषयी बोलूच नका. क्रिकेट, सोसायटीचा पाण्याचा टँकर, ऑफिसमधला कोणी, काहीही चालेल. पाच मिनिटांनी तो स्वतःच "चल, ठेवतो" म्हणेल. फोनवर चिडचिड झाली तर ती तुमच्यावरची आहे असे समजू नका, आणि "बघ, किती चिडचिडा झालायस" असेही म्हणू नका. सोडल्यामुळे आपण वाईट माणूस झालो आहोत असे ऐकलेला माणूस पुन्हा ओढून चांगला होऊ पाहतो.

तुम्ही काय करू नये याची यादी मी देणार नाही, पण एका गोष्टीविषयी मला ठाम सांगायचे आहे. त्याचे खिसे, शर्टाचा वास, टपरीवाल्याकडची चौकशी यांच्या वाटेला जाऊ नका. महाराष्ट्रात सुट्या सिगारेटच्या विक्रीवर २०२० मध्ये बंदी आली, तरी टपरीवर ती मागितली की मिळते. तुम्ही कितीही पहारा दिला तरी त्याला ओढायची असेल तर ती मिळणारच आहे. पहाऱ्यातून फक्त वेलदोडे वाढतात. तसेच त्याच्या बायकोने तुम्हाला विचारले तर "त्यालाच विचारा वहिनी" एवढेच म्हणा. नाहीतर तो जे तुम्हाला सांगेल ते घरी पोहोचते अशी त्याची समजूत होईल आणि सांगणे थांबेल.

काही गोष्टी मात्र मैत्रीच्या कक्षेबाहेरच्या आहेत. त्याचा उदासपणा दोन आठवड्यांहून जास्त टिकला, कशातच रस वाटेनासा झाला, किंवा जगण्याविषयी तो नकोसे बोलू लागला, तर त्याला एकटे सोडू नका आणि डॉक्टरांकडे स्वतः बरोबर घेऊन जा. त्याला मानसिक आजाराची किंवा दम्याची औषधे चालू असतील, तर सिगारेट सोडत असल्याचे त्या डॉक्टरांना कळायलाच हवे, कारण ओलान्झापिन, क्लोझापिन, थिओफिलिन यांसारख्या औषधांचे रक्तातले प्रमाण सिगारेट बंद केल्यावर वाढते आणि मात्रा बदलावी लागू शकते. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, तर गमही विचारूनच घ्यावा. आणि सिगारेटऐवजी तो मावा किंवा तंबाखू-चुन्याकडे वळलेला दिसला, तर त्याला 'निदान सिगारेट तरी गेली' म्हणून शाबासकी देऊ नका, त्यात निकोटीनही आहे आणि तोंडाचा कर्करोगही. अशा वेळी गमची मात्रा कमी पडते आहे का, हे डॉक्टरांना विचारायला सांगा.

त्याला तिऱ्हाईताशी बोलणे सोपे वाटत असेल, तर केंद्र सरकारची तंबाखू सोडण्यासाठीची मोफत हेल्पलाइन १८००-११-२३५६ आहे. सिगारेटच्या पाकिटावरच हा क्रमांक छापलेला असतो, पण वर्षानुवर्षे पाकीट हाताळणाऱ्यानेही तो कधी वाचलेला नसतो. समुपदेशक पुढे स्वतःहून फोन करून विचारपूसही करतात. क्रमांक त्याच्या फोनमध्ये साठवून देण्याची घाई नको, त्याने मागितला तर द्या.

शेवटचा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तो येणार हे नक्की. बोलणे झाल्यावर तो म्हणेल, "आता दिवाळीनंतर पुन्हा सोडतो" किंवा "एक तारखेपासून". यावर वाद घालू नका. मात्र एवढे म्हणून बघा: "'पुन्हा' कशाला? चालूच आहे की. आज संध्याकाळी गम कसा ठेवायचा ते बघू." तीन आठवडे तो राहिलेला आहे, आणि कोणत्या वेळा सोप्या आणि कोणत्या अवघड, हे आता त्याला माहीत आहे. ती माहिती हळदीच्या रात्री कुठे गेलेली नाही. त्याला खरोखरच तारीख हवी असेल तर ती त्याची त्याला ठरवू द्या, आणि त्या दिवसापर्यंत ४चा गम आणि कमी झालेला चहा एवढी तयारी करून ठेवा.

आणि एखाद्या रात्री साडेदहाला फोन येईल, पलीकडून थोडा वेळ कोणी बोलणार नाही, आणि मग "ओढली रे" असे ऐकू येईल. तेव्हा पहिल्यांदा "जेवलास का?" असे विचारा. न जेवलेला असेल तर घरी बोलवा. कुठे उभा होता, ते जेवताना तोच सांगेल.